कानामागची सूज: लहान मुलांमधला मॅस्टॉइडायटिस कसा ओळखायचा आणि त्यावर उपचार काय

सर्दीनंतर लहान मुलांचा कान दुखणं आपल्या घरांत नवीन नाही. ताप येतो, रात्रभर रडारड होते, कधी कान फुटून पू वाहतो आणि बहुतेक वेळा आठवडाभरात सगळं शांत होतं. पण थोड्या मुलांमध्ये हे इन्फेक्शन कानाच्या पडद्यामागे न थांबता कानामागच्या हाडात शिरतं. या आजाराला मॅस्टॉइडायटिस म्हणतात. तो वारंवार दिसत नाही, पण दिसला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं. म्हणून त्याची खूण घरातल्या मोठ्यांना माहीत असलेली बरी.

कानाच्या पाळीमागे बोट लावलं की एक टणक उंचवटा लागतो. ते मॅस्टॉइड हाड. बाहेरून ते भरीव वाटतं, पण आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं. त्यात हवेचे छोटे छोटे कप्पे असतात आणि ते एका अरुंद वाटेने मधल्या कानाला जोडलेले असतात. मधल्या कानात पू झाला की थोडी सूज या कप्प्यांतही येतेच, आणि कान बरा झाला की तीही उतरते. खरा धोका ती अरुंद वाट सुजून बंद झाली की सुरू होतो. पू आत कोंडतो, त्याचा दाब वाढतो आणि कप्प्यांमधल्या पातळ भिंती विरघळू लागतात. मग पू बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानामागच्या कातडीखाली येतो. आतल्या बाजूला गेला तर मेंदूचं आवरण आणि मेंदूतून रक्त आणणारी मोठी शीर तिथून अगदी जवळ असते. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये हा आजार जास्त दिसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा दीड वर्षाचं, १० किलो वजनाचं बाळ आहे. सर्दीच्या चौथ्या दिवशी त्याला १०२ ताप आला आणि ते सारखं कान ओढू लागलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी घालून पाहिलं. पडदा लाल होता आणि फुगलेला होता. त्यांनी अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं. या वयात ते साधारणपणे १० दिवस चालतं आणि दिवसाला एका किलोमागे ८० ते ९० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे या बाळाला दिवसभरात ८०० ते ९०० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, बाळ खेळू लागलं आणि घरात कुणीतरी म्हणालं, 'झालं ना बरं, कशाला एवढं औषध पाजता?' सिरप बंद झालं. आठव्या दिवशी ताप परत आला. बाळ त्या कुशीवर झोपेना, दूध टाकू लागलं. दादीने कानात कोमट तेल सोडलं. दहाव्या दिवशी अंघोळ घालताना अम्मीला दिसलं की एक कान दुसऱ्यापेक्षा पुढे आलाय.

हीच ती खूण. बाळाला मांडीवर पाठमोरं बसवा आणि मागून दोन्ही कान एकत्र पाहा. टोपी, स्कार्फ, लांब केस बाजूला करा, कारण ही जागा नेमकी त्यांच्याखाली झाकली जाते. आजारी बाजूचा कान पुढे ढकललेला दिसतो, अगदी लहान बाळांत थोडा खालीही सरकलेला असतो. कानामागची नेहमीची घडी पुसल्यासारखी होते. तिथली कातडी लाल, गरम असते आणि हात लावला की मूल किंचाळतं. बोटाखाली मऊ, पाणी भरल्यासारखं लागलं तर कातडीखाली पू साठला असण्याची शक्यता असते. कान वाहत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पडदा फुटलेला नसेल तर पू बाहेर येतच नाही.

कानामागची प्रत्येक गाठ म्हणजे मॅस्टॉइडायटिस नव्हे. डोक्यात फोड किंवा उवा झाल्या की तिथे हलणारी छोटी गाठ येते, पण कान जागेवरच राहतो आणि घडी दिसते. गालगुंडात सूज कानाच्या पुढे आणि खाली असते. कानाच्या नळीत फोड झाला असेल तर पाळी ओढली की जीव जातो. तरीही शंका असेल तर घरात ठरवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

वर सांगितलेलं वाचून कुणी त्या अम्मीला बोल लावू नये. औषध अर्धवट सोडलं की धोका वाढतो आणि आजार दबून राहून उशिरा कळतो, हे खरं. पण पूर्ण कोर्स घेतलेल्या मुलांनाही मॅस्टॉइडायटिस झालेला आहे. म्हणून औषध चालू असतानाही ४८ ते ७२ तासांत फरक दिसला नाही किंवा ताप परत आला, तर कान पुन्हा तपासून घ्यायचा. तेल, लसणाचा रस कानात घालू नका. त्याने आतल्या पूपर्यंत काही पोहोचत नाही, आणि डॉक्टरांना पडदा नीट दिसत नाही. दम करायचा, दुआ मागायची तर जरूर, पण ते गाडीत बसूनही होतं.

हॉस्पिटलमध्ये बाळाला दाखल करून घेतात आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. सेफ्ट्रायॅक्सोन हे त्यातलं नेहमीचं. १० किलोच्या बाळाला दिवसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम. तोंडाने सिरप देऊन इथे भागत नाही. कान-नाक-घसा डॉक्टर बहुतेक वेळा भूल देऊन पडद्याला बारीक छेद घेतात. त्यातून पू निघतो, दाब कमी होतो आणि पू तपासणीला पाठवून कोणतं औषध लागू पडेल हेही कळतं. काही वेळा तिथेच छोटी नळी बसवतात. भुलेसाठी पोट रिकामं लागतं, म्हणून शेवटचं दूध किती वाजता दिलं ते नक्की सांगा. कानामागे पू साठला असेल तर तोही काढावा लागतो.

दोन दिवसांत उतार पडला नाही किंवा आत पसरल्याची शंका आली, तर सिटी स्कॅन करून ऑपरेशन ठरवतात. कानामागे छेद घेऊन सडलेले कप्पे खरवडून साफ करतात. याला मॅस्टॉइडेक्टॉमी म्हणतात. नाव ऐकून घरचे घाबरतात, 'बाळ बहिरं होईल का?' असं विचारतात. हे ऑपरेशन ऐकण्याच्या भागांना हात न लावता केलं जातं. पू कोंडून राहिला तर मात्र ऐकणं खरंच धोक्यात येतं. मोठा खर्च सांगितला तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का ते विचारा.

काही लक्षणांत मात्र तासही घालवायचा नाही: तोंड एका बाजूला वाकडं होणं, मान ताठ होणं, सारख्या उलट्या, झटका, चालणाऱ्या मुलाचा तोल जाणं, किंवा मूल गुंगीत जाऊन हाकेला ओ न देणं. यात पू आत पसरलेला असू शकतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात रांग लावण्यापेक्षा सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात न्या. १०८ नंबरची अँब्युलन्स मोफत आहे.

घरी सोडल्यावरही तोंडाने औषध चालू राहतं. शिरेतलं आणि तोंडाचं मिळून साधारण दोन ते चार आठवडे होतात. डॉक्टर सांगेपर्यंत कानात पाणी जाऊ देऊ नका आणि काही आठवड्यांनी ऐकण्याची तपासणी करून घ्या, कारण दीड वर्षाचं मूल 'मला कमी ऐकू येतंय' असं सांगू शकत नाही. घरात आणखी लहान बाळ असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्डही तपासा. या आजारामागच्या मुख्य जंतूंपैकी एक म्हणजे न्यूमोकोकस. त्याची पीसीव्ही लस सरकारी केंद्रात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते.