अर्ध्या तासाचं कूळ

१९९४ साली अटलांटातल्या जॉर्जिया टेकमध्ये लारा कॅटलेज आणि जेम्स पिटको या दोघांनी १०७ जणांच्या ब्राउझरवर तीन आठवडे पाळत ठेवली. ब्राउझर होता एक्समोझॅक. त्याच्यात थोडा बदल केला होता, त्यामुळे प्रत्येक क्लिक, अगदी ‘मागे’ जाण्याचं बटणसुद्धा, नोंदलं जाई. दोन हालचालींमधलं सरासरी अंतर निघालं ९.३ मिनिटं. मग प्रश्न आला, माणूस उठून गेला असं मानायचं कधी? त्यांनी सरासरीत दीड प्रमाण विचलन मिळवलं आणि रेघ ओढली २५.५ मिनिटांवर. निबंध १९९५ साली छापून आला.

आज ब्लॉगचा बाउन्स रेट ज्या ‘सेशन’वर मोजतात, ते तीस मिनिटं शांतता पाळली की संपतं. माझ्या मते हे तीस म्हणजे त्या २५.५चंच गोल केलेलं रूप.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. सर्व्हरवर लॉगिन किती वेळ जिवंत ठेवायचं याच्याही मुदती असतात. टॉमकॅटची मूळ मुदत तीस मिनिटांचीच आहे, तेव्हा आकडा तिथून उचलला असेल. पण मग मायक्रोसॉफ्टच्या एएसपीची मुदत वीस मिनिटं होती आणि पीएचपीची १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटं. तिथे सवाल सर्व्हरची मेमरी वाचवण्याचा होता, म्हणून ज्याला जे परवडलं ते त्याने ठेवलं. माणूस उठून गेला का, हा सवाल मोजून सोडवला होता तो अटलांटात. मी कौल तिकडेच देतो.

पुढचे टप्पे सर्वांना माहीत आहेत. सर्व्हरचे लॉग वाचणारे प्रोग्रॅम आले, अर्चिन आलं, गूगलने २००५ साली ते विकत घेतलं आणि त्याचं गूगल अ‍ॅनालिटिक्स झालं. या वाटेत एक गोष्ट मात्र सांडली. जॉर्जिया टेकची नोंद ब्राउझरच्या आतून होती. नंतरची मोजणी पान उघडल्याच्या निरोपावर चालली. पहिलं पान १०:०० ला उघडलं, दुसरं १०:०६ ला, म्हणून पहिल्यावर सहा मिनिटं. दुसऱ्यावर किती? पुढचा निरोपच नाही, म्हणून शून्य.

आता एक वाचक घ्या. त्याने नऊ वाजता तुमचा लेख उघडला, बारा मिनिटं वाचला आणि टॅब तसाच ठेवून तो कामाला लागला. पावणेदहाला परत येऊन त्याच टॅबमधून दुसरा लेख उघडला, दहा मिनिटं वाचला आणि खिडकी बंद केली. बावीस मिनिटं वाचन झालं. जुन्या अ‍ॅनालिटिक्समध्ये याची दोन सेशन होत, दोन्हींत एकेकच पान, म्हणून दोन्ही बाउन्स. बाउन्स रेट १०० टक्के, वेळ शून्य. असा वाचक रोज लाभो!

१ जुलै २०२३ रोजी ती जुनी मोजणी थांबली आणि तिची जागा घेणाऱ्या जीए४ने व्याख्या बदलली. पान दहा सेकंद समोर राहिलं, दोन पानं पाहिली किंवा ठरवलेली मुख्य कृती झाली, तर सेशन ‘गुंतलेलं’, उरलेली बाउन्स. त्याच वाचकाचा बाउन्स रेट आता ० टक्के. म्हणून २०२३च्या आधीचा आणि नंतरचा बाउन्स रेट एका आलेखावर मांडू नये.

त्याने दुसऱ्या लेखाखाली वर्गणीचा फॉर्म भरला असता, तर रूपांतराचा दर सेशनमागे ५० टक्के निघाला असता आणि माणसामागे १००. भागाकाराखाली तोच अर्धा तास बसलेला आहे.

स्क्रोलची खोली एवढी या कुळाबाहेरची, कारण ती थेट ब्राउझरमधून येते. पण जीए४ आपणहून `scroll` नोंदवतं ते पान ९० टक्के खाली सरकल्यावर, एकदाच. लेख ३,००० पिक्सेल आणि त्याखाली प्रतिक्रिया व ‘हेही वाचा’चे २,००० असतील, तर शेवटचं वाक्य वाचणारा ६० टक्क्यांवर थांबतो आणि मोजलाच जात नाही. बोटाच्या एका फटक्यात तळाला जाणारा मोजला जातो.

दीर्घ लेख लिहीत असाल तर जीए४च्या टॅगसेटिंगमध्ये `Adjust session timeout` उघडा. सेशनची मुदत ७ तास ५५ मिनिटांपर्यंत वाढवता येते आणि ‘गुंतलेलं’ ठरवायचे दहा सेकंद साठपर्यंत नेता येतात. निदान ते साठ कराच; दहा सेकंदांत लेखाचा पहिला परिच्छेदही वाचून होत नाही.