पाच ओहमची सही

मानखुर्दहून लोकल सुटली की खाडीपूल ओलांडून थेट वाशी. 1992 साली गाडी पलीकडे जाऊ लागली, तेव्हापासून इकडची माणसं तिकडे कामाला जातात. आता त्यांत छतांवर सोलर बसवणारी पोरंही दिसतात. मानखुर्दच्या इमारतींच्या गच्च्यांवर आधीच पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना आणि गच्चीही सगळ्यांची सामाईक, त्यामुळे एका घराचं सोलर बसणं अवघडच. रो-हाउसचं स्वतंत्र छत पुलापलीकडे मिळतं. पूल ओलांडताच वीज कंपनीही बदलते. अलीकडे अदानी किंवा टाटा, पलीकडे महावितरण.

माझ्या ओळखीचा एक मुलगा असाच रोज जातो. आयटीआय केलेलं, वर ‘सूर्यमित्र’चं प्रमाणपत्र. ते लॅमिनेट करून पिशवीत क्रिम्पिंग टूलच्या शेजारी ठेवतो. वाशीत एका रो-हाउसवर तीन किलोवॉटचं काम संपलं आणि घरमालकांनी पूर्णत्व अहवाल वाचायला घेतला. एका ओळीवर ते थांबले. ‘अर्थिंगचा रोध अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदार किंवा पर्यवेक्षकासमोर मोजला, तो पाच ओहमपेक्षा कमी आढळला,’ अशा आशयाची ती ओळ होती. काकांनी विचारलं, “अरे, तू तर सर्टिफिकेटवाला. मग ही सही तुझी का नाही?” तो म्हणाला, “काका, सही साहेबांची लागते.” साहेब मात्र त्या छतावर कधी चढलेच नव्हते.

पोराचा कागद कुठून आला आणि सहीचा कागद कुठून आला, हे शोधत गेलं की दोघांची घराणीच वेगळी निघतात.

सहीचं घराणं जुनं. भारतीय वीज नियम 1956 मधला 45वा नियम हा त्याचा ठळक पूर्वज. कुणाच्याही घरच्या वायरिंगमध्ये भर घालायची, बदल करायचा किंवा दुरुस्ती करायची, तर ते काम सरकारी परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली करायचं, आणि हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा, असं तो सांगत होता. सूट होती ती दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यापुरती, तीही त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. सोलर बसवताना नेमकं हेच दोन्ही बदलतं. वीज घेणारं घर वीज देऊ लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 मध्ये नवे सुरक्षा विनियम आणले, 2023 मध्ये ते पुन्हा नव्याने लिहिले, पण परवान्याची ही त्रिस्तरी उतरंड तशीच राहिली.

महाराष्ट्रात ही उतरंड मराठी नावांनी ओळखली जाते. तारतंत्री, पर्यवेक्षक, विद्युत ठेकेदार. परवाने पाहणाऱ्या मुख्य विद्युत निरीक्षकांचं कार्यालय चेंबूरच्या प्रशासकीय इमारतीत आहे, मानखुर्दपासून काही स्टेशनं अलीकडे. सोलरच्या कामासाठी रोज खाडी ओलांडणाऱ्या कितीतरी पोरांना आपल्या धंद्याची जुनी किल्ली उलट दिशेला आहे हे माहीतच नसतं.

पोराच्या कागदाचं घराणं धाकटं, आणि ते वीज कायद्यातून नव्हे, उद्दिष्टांतून जन्मलं. जानेवारी 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा लक्ष्य 20,000 मेगावॉटचं होतं. 2015 मध्ये ते एकदम एक लाख मेगावॉटवर नेलं आणि त्यातले 40,000 मेगावॉट छतांवर बसवायचे ठरले. एवढी छतं भरायची तर माणसं कुठून आणायची? त्याच साली ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम आला. चालवणार गुरुग्रामजवळची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था, 600 तासांचं निवासी प्रशिक्षण, म्हणजे साधारण तीन महिने, फी नाही. मार्च 2020 पर्यंत पन्नास हजार सूर्यमित्र तयार करायचे असं ठरलं होतं. आयटीआय झालेल्यांना प्राधान्य होतं, वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी वगैरे.

ऑक्टोबर 2015 मध्ये ‘स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्ज’ उभी राहिली आणि या कामाला एक क्रमांक मिळाला: SGJ/Q0101. सोलर पीव्ही इन्स्टॉलर, कौशल्य चौकटीत स्तर चार. पोर्टलवर अभ्यासक्रम शोधताना हाच क्रमांक टाकायचा. यात जागेची पाहणी, स्ट्रक्चर बसवणं, विद्युत जोडणी, चाचणी, देखभाल आणि उंचीवरची सुरक्षा असं सगळं येतं. अभ्यासक्रम वाईट नाही. पण तो ‘हे काम याला येतं’ एवढंच सांगतो. ‘हे काम याने करावं’ हे सांगण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. माझ्या मते सगळा गोंधळ याच फरकाचा आहे, आणि प्रशिक्षण केंद्रं तो पोरांना पहिल्या दिवशी सांगत नाहीत.

अनुदानाच्या बाजूने पाहिलं तर सूर्यमित्र जवळजवळ अदृश्यच. आधी वीज कंपन्या निविदा काढून पुरवठादार निवडायच्या. जुलै 2022 मध्ये राष्ट्रीय पोर्टल आलं, आणि अडीच लाखांची बँक हमी देऊन नोंदणी करणारी कंपनी छतं घेऊ लागली. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्य घर’ आली, एक कोटी घरांचं लक्ष्य घेऊन. योजनेचा व्यवहार आहे तो नोंदणी झालेल्या कंपनीशी. पाच वर्षं देखभाल कंपनीने करायची, हमी कंपनीची. छतावर कोण चढला, त्याच्या पिशवीत कोणतं प्रमाणपत्र होतं, याला त्या व्यवहारात फार जागा नाही. माणूस म्हणून कायद्याला ओळखीचा आहे तो फक्त परवानाधारक, अहवालाच्या त्या एका ओळीत.

मग कंपनी सर्टिफिकेट मागते कशाला? भरती सोपी होते म्हणून. शिकलेला पोरगा हाताखाली आला की निदान एमसी४ कनेक्टर कसा दाबायचा हे शून्यापासून शिकवावं लागत नाही. पण पगार ठरतो तो हातावर. मुकादम पहिल्या दिवशी दोन गोष्टी बघतो. हार्नेसचा हूक कुठे अडकवतो, आणि क्रिम्प ओढल्यावर वायर हातात येते का.

क्रिम्पचं महत्त्व वाशीच्या त्या छतावर नीट कळतं. 540 वॉटची सहा पॅनेलं एका माळेत, एकामागे एक जोडलेली. भार नसताना एका पॅनेलचा दाब सुमारे पन्नास व्होल्ट, म्हणजे माळेच्या टोकाला जवळजवळ तीनशे व्होल्ट डीसी. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला तो वाव नाही. पक्कड वापरून दाबलेला किंवा दोन वेगळ्या ब्रँडचा जुळवलेला कनेक्टर आधी गरम होतो, मग काळवंडतो, मग वितळतो. खालून काही दिसत नाही. भर उन्हात थर्मल कॅमेऱ्याने पाहिलं तर तो ठिपका बाजूच्या कनेक्टरांपेक्षा तापलेला दिसतो. कॅमेरा नसेल तर कामाच्या दिवशीच प्रत्येक क्रिम्प ओढून बघणं हाच उपाय.

पैशांचा हिशेबही याच छतावर करून बघू. योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, वर काही नाही. म्हणजे जास्तीत जास्त 78,000. पॅनेलांची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी, ती धरली जाते. सहा पॅनेलांचे 3.24 किलोवॉट होतात, इन्व्हर्टर तीनचा, म्हणून पूर्ण 78,000 मिळतात. टाकीची सावली टाळायची म्हणून एक पॅनेल कमी केलं, तर पाचांचे 2.7 किलोवॉट, आणि अनुदान साठ हजार अधिक 12,600, म्हणजे 72,600. सावलीत पॅनेल कोंबून अनुदान पूर्ण घ्यायचं, की 5,400 रुपये सोडून चांगली माळ लावायची, हा निर्णय पाहणीला गेलेल्या पोरावर पडतो. त्याच्या प्रमाणपत्रात सावलीचा अभ्यास असतो. विक्रीचा आकडा गाठायची घाई असलेल्या माणसाकडे तो असेलच असं नाही.

आता परत त्या पाच ओहमकडे. योजनेच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांचा हवाला देत महावितरणच्या नमुन्यात ही मर्यादा येते. अर्थिंग सहसा तीन वेगळी: पॅनेल-स्ट्रक्चरचं, एसी बाजूचं आणि तडित-रोधकाचं. ती मोजायची तर अर्थ टेस्टर आणि दोन लोखंडी सळ्या लागतात. दूरची सळी तीस मीटरवर रोवली तर मधली साधारण साडेअठरा मीटरवर. मग मधली सळी थोडी पुढे-मागे सरकवायची. आकडा फारसा हलला नाही तरच तो खरा. रो-हाउसच्या आवारात तीस मीटर कुठले? वायर गल्लीत, नाहीतर सोसायटीच्या बागेत न्यावी लागते, वॉचमनशी बोलावं लागतं, पेव्हर ब्लॉक उचलावे लागतात. सगळं मिळून तासभर जातो. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी आकडा मोजला जात नाही, नुसता भरला जातो.

खाडीकाठच्या ओल्या, खारट जमिनीत रोध कमी येतो, त्यामुळे खोटा आकडाही बहुतेकदा खरा वाटतो. पण तीच खारट ओल लोखंड खाते. आज दीड ओहम दाखवणारं अर्थिंग पाचव्या वर्षी किती दाखवेल, हे पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही. आणि तीन खड्ड्यांचे तीन आकडे दशांशासकट सारखे असले, तर ते टेस्टरने नव्हे, पेनाने काढलेले असतात.

वाशीच्या काकांनी सही केली नाही. पर्यवेक्षकांना बोलावलं. दोन दिवसांनी ते आले, टेस्टर लावला. मोजणारा हात मात्र आमच्या सूर्यमित्राचाच होता. सळी कुठे रोवायची हे त्याला त्यांच्यापेक्षा लवकर कळत होतं. दोन खड्डे पाचाच्या आत निघाले. तडित-रोधकाचा बारा ओहम दाखवत होता. वरून आलेली पट्टी आणि खड्ड्यातली सळई यांच्या जोडावरचा बोल्ट सैल होता. तो घट्ट केल्यावर आकडा साडेतीनवर आला. पर्यवेक्षकांनी सही केली, पोराने ती पाहिली, आणि परतीच्या गाडीत मला विचारलं की हा पर्यवेक्षकाचा कागद कसा मिळतो.

ज्यांनी आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री केलाय, त्यांनी नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र हातात आल्यावर थांबू नये. चेंबूरला जाऊन तारतंत्री परवान्याची चौकशी करावी, पर्यवेक्षकाची वाट तिथूनच पुढे जाते. आणि ज्यांच्या छतावर काम चाललंय, त्यांनी पूर्णत्व अहवालावर सही करण्याआधी एवढंच म्हणावं: माझ्यासमोर मोजा.