प्रारंभ, सादरीकरणाचा
वक्त्याने विषयप्रवेशासाठी योजलेल्या पहिल्या काही वाक्यांना प्रारंभ म्हणतात. त्याचे गोष्ट, प्रश्न आणि धक्का देणारा आकडा असे तीन प्रकार सामान्यतः मानले जातात. पुण्याच्या वक्तृत्वपरंपरेत यांपैकी आकड्याच्या प्रारंभाचे उदाहरण सर्वांत तपशीलवार उपलब्ध आहे.

आकडा : पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, केंद्रीय विधिमंडळातील आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात, सात कोटी रुपयांच्या शिलकीबद्दल अर्थसदस्यांचे अभिनंदन करण्यास आरंभीच नकार दिला. हा आकडा सभासदांना ठाऊक होता. तो सरकारनेच मांडलेला होता व त्यावर अभिनंदनही होऊन गेले होते. धक्का बसला तो देश दुष्काळातून जात असताना एवढी शिल्लक उरते कशी, या विसंगतीचा. पुढील भाषण म्हणजे तिचाच उलगडा होता. रुपयाचा भाव १३ पेन्सपर्यंत उतरला असता इंग्लंडला एक पौंड पाठविण्यास सुमारे साडेअठरा रुपये लागत, तो १६ पेन्सवर स्थिरावल्यावर पंधराच लागू लागले. मात्र घसरणीच्या काळातील तूट भरून काढण्यासाठी बसविलेले कर तसेच राहिले, आणि शिलकीचे मूळ मुख्यतः तेथे आहे, असे गोखल्यांचे प्रतिपादन होते. मिठावरील कर १९०३ मध्ये मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. त्यात या भाषणाचा वाटा किती, याविषयी मतभेद संभवतात.

यावरून असे दिसते की, श्रोत्यांजवळ आकडा मोजण्याचे माप आधीपासून असेल आणि त्याचे स्पष्टीकरण वक्त्याजवळ तयार असेल, तरच आकडा प्रारंभी शोभतो. अनोळखी आकडा कितीही मोठा असला तरी श्रोते तो नुसता ऐकून घेतात, आणि शंकास्पद असला तर पुढचे सारे भाषण तो आकडा सावरण्यातच खर्ची पडते.

गोष्ट : नारदीय कीर्तनात गोष्टीला हुकमी स्थान असले, तरी ते प्रारंभी नसते. नमन, मूळ पद व त्याचे निरूपण हा पूर्वरंग संपल्यावर बुवांना बुक्का लावून हार घालतात, आणि त्यानंतरच्या उत्तररंगात आख्यान, म्हणजे सिद्धांताला दृष्टांतरूप कथा, येते. कीर्तनाला आलेल्या श्रोत्याला विषय आधीच मान्य असल्याने हा क्रम चालतो. विषय परका किंवा नावडता असेल तेथे गोष्ट पुढे आणावी लागते. परंतु ती लहान असावी आणि तिच्यातील पेच तोच विषयाचा पेच असावा, अन्यथा श्रोते गोष्टीतच रमतात व विषय आला की घड्याळाकडे पाहू लागतात.

प्रश्न : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’तील १८९७ चा अग्रलेख भाषण नसला, तरी शीर्षकातील प्रश्नानेच ओळखला जातो. उत्तर वाचकांच्या मनात आधीच तयार होते म्हणून तो लागू पडला.