‘रेल.’ म्हणजे काय? जुन्या केसपेपरची कालरेषा लावताना

आपल्याकडे कुणी जरा विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ असं सहज म्हटलं जातं. कल्याण-डोंबिवलीत वाढलेल्यांना तर यातलं ‘ठाणं’ म्हणजे गाव नव्हे, हे वेगळं सांगावं लागत नाही. ते मनोरुग्णालय १९०१ सालचं. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ते ओळखलं जाई, आणि इंग्रजी कागदांत त्याला आधी ‘ल्युनॅटिक असायलम’ म्हणत. ‘मेंटल हॉस्पिटल’ हा शब्द १९२०च्या दशकात रुळला.

अशा संस्थांच्या हस्तलिखित केस-बुकांतून एका माणसाची गोष्ट तारीखवार कशी लावायची, हा या पोस्टचा विषय आहे. अक्षर गिचमिड असतं, पण ते सवयीने वाचता येतं. खरी अडचण येते ती नीट वाचता येणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या संक्षेपांची. तिथे अंदाज ठोकून दिला की त्या माणसाचं आयुष्यच बदलतं, अर्थात कागदावर.

खऱ्या रुग्णाचं पान मी इथे देणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मानतो, आणि कागद नव्वद-शंभर वर्षांचा असला तरी त्या माणसाची नातवंडं अजून इथेच आसपास राहत असू शकतात. म्हणून खाली दिलेलं पान मी त्या काळच्या नोंदींच्या धर्तीवर स्वतः रचलं आहे. आधी ते जसंच्या तसं टाइप करूया, एकही अक्षर न फोडता:

```
1 | 3-6-29 | Adm. R.O. No. 41
2 | 11-7   | B.T.  T. 104
3 | 13-7   | do.   T. 103.6
4 | 15-7   | do.   T. 104
5 | 2-8    | Paral. dr. ii h.s.
6 | 4-9    | Rel.
7 | 20-9   | Wt. 98 lb.
```

पहिली ओळ सोपी आहे. ‘आर. ओ.’ म्हणजे रिसेप्शन ऑर्डर. १९१२च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टप्रमाणे रुग्णाला दाखल करून घेण्यासाठी मॅजिस्ट्रेटचा असा हुकूम लागत असे. पण ‘आर. ओ.’ म्हणजे रेसिडेंट ऑफिसर का नसेल? कारण पुढे क्रमांक आहे, आणि आधी ‘दाखल’ या अर्थाचा शब्द आहे. हुकमाला क्रमांक असतो, अधिकाऱ्याला असा नसतो.

हे तुम्ही रोज करता, फक्त लक्षात येत नाही. मराठी पत्रात ‘ता. १२ जून’ असेल तर ‘ता.’ म्हणजे तारीख, आणि ‘मु. पो. डोंबिवली, ता. कल्याण, जि. ठाणे’ असेल तर तालुका. तुम्ही तिथे अंदाज करत नाही. शेजारचा शब्दच पुरावा देतो. जुन्या केसपेपरलाही हीच कसोटी लावायची: संक्षेपाचा अर्थ मी सांगतोय की पानावरची दुसरी एखादी गोष्ट सांगतेय?

आता पाचवी ओळ बघा. ‘पॅरल.’ पाहिल्यावर पहिल्यांदा मनात येतं पॅरालिसिस, म्हणजे पक्षाघात. मनोरुग्णालयातला रुग्ण, त्या काळी तिथे उपदंशामुळे होणारा ‘जनरल पॅरालिसिस’ नेहमीचा, म्हणजे गोष्ट छान जुळते. पण पुढे ‘डीआर. दोन’ आणि ‘एच. एस.’ आहे. ‘डीआर.’ म्हणजे ड्रॅम हे औषधाचं माप, ‘एच. एस.’ म्हणजे झोपताना. पक्षाघात मापून देत नाहीत. हे पॅराल्डिहाइड आहे, १८८०च्या दशकापासून वापरात असलेलं, उग्र वासाचं झोपेचं औषध. म्हणजे कालरेषेवर ‘२ ऑगस्ट: पक्षाघात’ असं येणार नाही, तर ‘२ ऑगस्ट: रात्री झोपेचं औषध’ असं येईल. किती मोठा फरक आहे बघा! आणि तो दोन छोट्या खुणांनी ठरला. त्या खुणा नसत्या आणि ओळीत नुसतं ‘पॅरल.’ असतं, तर दोन्ही अर्थ उघडे ठेवावे लागले असते.

‘बी. टी.’चं प्रकरण जरा वेगळं आहे. आजचा डॉक्टर ते ब्लीडिंग टाइम किंवा ब्लड ट्रान्सफ्युजन असं वाचेल. त्या काळात ‘बिनाइन टर्शियन’ हा हिवतापाचा एक प्रकारही असाच लिहीत. ‘१९२९ साली रक्त देणं तितकंसं होत नसे’ एवढ्यावर मी निर्णय घेणार नाही, कारण ‘क्वचित’ म्हणजे ‘नाहीच’ नव्हे. पण ताप बघा: ११, १३ आणि १५ जुलै. समजा सोबतच्या तापमानाच्या तक्त्यावर १२ आणि १४ तारखेला अंग थंड आहे. एक दिवसाआड चढणारा ताप, म्हणजे सुमारे ४८ तासांचं चक्र, हीच या हिवतापाची ओळख. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला ‘डू.’, म्हणजे ‘डिट्टो’, वरचंच. तीच गोष्ट एक दिवसाआड तीनदा लिहिली गेली आणि प्रत्येक वेळी ताप आहे. इथे मी ‘बिनाइन टर्शियन’ लिहीन, आणि शेजारच्या रकान्यात तसं का लिहिलं तेही लिहीन.

पण इथे एक मोह होतो, आणि तो चांगल्या वाचकालाच जास्त होतो. १९१७ साली व्हिएन्नात वाग्नर-याउरेगने जनरल पॅरालिसिसच्या रुग्णांना मुद्दाम हिवताप देऊन उपचार सुरू केले, आणि १९२७ साली त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. आपलं पान १९२९चं, मनोरुग्णालयातलं, आणि त्यात हिवताप. मग हा उपचारच, नाही का? नाही. संक्षेप सुटला म्हणजे घटनेचं कारण कळलं असं होत नाही. जुलै महिना, ठाण्याचा पाऊस, साचलेलं पाणी. हिवताप आपणहून येण्यासाठी एवढं पुरेसं होतं. हिवताप मुद्दाम दिला असेल तर त्याआधी रक्त टोचल्याची नोंद हवी, निदानाची हवी, नंतर क्विनाइन देऊन ताप थांबवल्याची हवी. आपल्या पानावर यातलं काहीच नाही. म्हणून कालरेषेवर एवढंच: ‘हिवताप, तीन पाळ्या, आपणहून की उपचार म्हणून, हे नोंदीत नाही.’

आता मूळ प्रश्न. सहावी ओळ: ‘रेल.’ तीन अक्षरं आणि एक टिंब. याचे सरळ चार अर्थ निघतात. ‘रिलीज्ड’, म्हणजे सोडलं. ‘रिलीव्हड’, म्हणजे आराम पडला. त्या काळच्या असायलमच्या आकडेवारीत पूर्ण बरे न होता, सुधारणा होऊन घरी गेलेल्यांचा हा एक गटच असे. ‘रिलॅप्स्ड’, म्हणजे आजार उलटला. आणि ‘रिलेटिव्ह्ज’, म्हणजे नातेवाईक, कदाचित भेटायला आले असतील. एकाच संक्षेपात सुटका आहे आणि तिच्या अगदी उलटही आहे.

आधी तारीख पक्की करू, कारण ‘४-९’ला वर्ष नाही. पानाच्या पहिल्या ओळीत २९ आहे. समजा पुढच्या पानाची पहिली ओळ ‘२-१-३०’ अशी आहे आणि मधल्या नोंदी ओळीने पुढे सरकताहेत. मग सप्टेंबर १९२९चाच. हा अंदाज नव्हे. दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय आणि मध्ये एकच सप्टेंबर बसतो.

आता अर्थ. सातवी ओळ सांगते की २० सप्टेंबरला रुग्णाचं वजन घेतलं, ९८ पौंड. म्हणजे त्या दिवशी तो रुग्णालयात होता. ४ तारखेला सोडलं असतं तर सोळा दिवसांत पुन्हा दाखल व्हावं लागलं असतं, आणि त्यासाठी नवी रिसेप्शन ऑर्डर, नवा क्रमांक लागला असता. दाखल-नोंदवहीत तसा क्रमांक शोधायचा. तो नसेल तर ‘सोडलं’ हा अर्थ बाद, आणि ‘सुधारून घरी गेला’ हाही बाद. पण ‘तेवढ्यापुरता आराम पडला’, ‘आजार उलटला’ आणि ‘नातेवाईक’ हे तिन्ही जिवंत राहतात. मग नोंद अशी ठेवायची:

```
raw       : Rel.
date      : 1929-09-04
expand    : ?
possible  : relieved (symptoms) | relapsed | relatives
ruled_out : released; relieved = discharged
because   : row 7; no second R.O.
```

बऱ्याच जणांना हे प्रश्नचिन्ह बोचतं. तक्ता अर्धवट वाटतो. पण त्या प्रश्नचिन्हाने काय वाचवलं ते मोजून बघा. ‘सोडलं’ असं गृहीत धरलं असतं तर मुक्काम ९३ दिवसांचा निघाला असता आणि हा माणूस घरी गेलेल्यांच्या यादीत बसला असता. आता आपण म्हणू शकतो की तो दाखल झाल्यापासून किमान १०९ दिवस आत होता. ‘किमान’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण शेवट अजून सापडलेला नाही. अशी शंभर पानं एकत्र करून कुणी ‘सरासरी मुक्काम’ काढायला बसला, तर प्रत्येक ‘रेल.’ने उत्तर कमी होत जाईल, आणि त्या असायलममधून माणसं पटापट सुटत होती असं खोटं चित्र उभं राहील.

मग हे ‘रेल.’ कधीच सुटणार नाही का? सुटू शकतं, पण बाहेरच्या कोशातून नाही. संक्षेपांची छापील यादी फार तर शक्य अर्थ सांगते. सोडवतो तो त्याच हाताने लिहिलेला दुसरा कागद. त्याच अक्षरातल्या इतर रुग्णांच्या नोंदी काढायच्या आणि ‘रेल.’ जिथे-जिथे येतं तिथे पुढे काय होतं ते बघायचं. दरवेळी त्यानंतर झोपेचं औषध वाढत असेल तर पारडं ‘आजार उलटला’कडे झुकतं. एखाद्या ठिकाणी त्याच लेखकाने घाई नसताना पूर्ण शब्द लिहिला असेल, तर सोन्याहून पिवळं. फक्त हात तोच आहे हे आधी दाखवावं लागतं, कारण डॉक्टर बदलला की संक्षेपांची सवयही बदलते. ४ सप्टेंबरच्या डॉक्टरने ‘रेल.’ एका अर्थाने लिहिलं म्हणून डिसेंबरमध्ये आलेला दुसरा डॉक्टर त्याच अर्थाने लिहील, याची काहीच खात्री नाही.

तुमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत पणजोबांचा असा एखादा कागद असेल, तर आधी तो जसाच्या तसा उतरवा, टिंबांसकट. अर्थ वेगळ्या रकान्यात लिहा, पुरावा तिसऱ्या रकान्यात. तिसरा रकाना रिकामा राहत असेल, तर दुसराही रिकामाच ठेवा. मूळ अक्षरं तुमच्याजवळ जपलेली असतील, तर त्याच हातचा दुसरा कागद सापडेल त्या दिवशी तो रकाना भरता येईल.