एक शिलालेख आणि दोन आदर्श

अर्हत् आणि बोधिसत्त्व या दोन आदर्शांची तुलना करावयास सांगितली, की उच्च माध्यमिक वर्गातील विद्यार्थी बहुधा एका वाक्यात मोकळा होतो: थेरवादी अर्हत् स्वतःपुरती मुक्ती शोधतो, महायानी बोधिसत्त्व सर्वांसाठी झटतो. वाक्य सुटसुटीत आहे, परंतु लखनौच्या राज्य संग्रहालयातील एका भग्न मूर्तीवरचा लेख त्याला सहजासहजी मान्यता देत नाही.

ही मूर्ती मथुरेची आहे. हुविष्काच्या राज्यकाळात, 33 व्या वर्षी, धनवती नावाच्या भिक्षुणीने ती स्थापन केली. कनिष्कसंवताचा आरंभ इ.स. 127 मध्ये मानला, तर हे वर्ष सुमारे 160 येते. धनवती आपली ओळख त्रिपिटक जाणणाऱ्या भिक्षुणी बुद्धमित्रेची भाची अशी करून देते, आणि बुद्धमित्रा ही तसाच त्रिपिटक जाणणाऱ्या भिक्षू बलाची शिष्या. लेखात मूर्तीला ‘बोधिसत्त्व’ म्हटले आहे.

हा बल इतिहासाला अन्यत्रही भेटतो. कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी त्याने सारनाथला एक भव्य ‘बोधिसत्त्व’ उभा केला आणि त्या दानाचा हेतू सर्व प्राणिमात्रांचे हित व सुख असा नोंदविला. दुसरी मूर्ती त्याने श्रावस्तीच्या जेतवनात, कोसंबकुटीत स्थापिली, आणि तेथील लेख सांगतो, की ती सर्वास्तिवादी आचार्यांच्या परिग्रहात होती. सर्वास्तिवाद म्हणजे थेरवाद नव्हे. परंतु अर्हत्पद हेच श्रावकाचे साध्य मानणाऱ्या प्राचीन निकायांपैकीच तो एक. या मूर्तींवर मुकुट वा अलंकार नाहीत. भिक्षूचे चीवर आहे. तरीही त्यांना बुद्ध न म्हणता बोधिसत्त्व का म्हटले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एवढे मात्र निश्चित, की ‘बोधिसत्त्व’ हा शब्द आणि सर्वहिताची भाषा ही एकट्या महायानाची मिरास नव्हती.

मग भेद कोठे आहे? त्याचे उत्तर थेरवादाच्याच एका कथेत सापडते. दीपंकर बुद्ध येत आहेत म्हणून सुमेध तापस चिखलात आडवा पडतो आणि आपल्या अंगावरून त्यांनी जावे अशी इच्छा करतो. त्या क्षणी त्याला कळते, की इच्छा असती तर याच जन्मी क्लेशांचा क्षय करून आपण अर्हत् होऊ शकलो असतो. तो ते नाकारतो. एकट्याने तरून जाण्यापेक्षा बुद्ध होऊन अनेकांना तारावे, असा संकल्प करून तो चार असंख्येय आणि एक लक्ष कल्प दहा पारमिता पूर्ण करीत राहतो. हाच पुढे सिद्धार्थ गौतम.

म्हणजे करुणेपोटी मुक्ती लांबणीवर टाकणारा पुरुष थेरवादालाही पूज्य आहे. पण तो विरळा आहे. हरवलेली वाट पुन्हा शोधून काढण्यासाठी एका युगाला एकच बुद्ध लागतो. वाट सापडल्यावर इतरांनी तीवरून चालावयाचे असते. त्या चालण्याचा शेवट म्हणजे अर्हत्पद. अशा अर्हतालाही स्वार्थी म्हणता येणार नाही: विनयपिटकातील कथेनुसार पहिले साठ अर्हत् तयार होताच बुद्धाने त्यांना बहुजनांच्या हितासाठी निरनिराळ्या दिशांना पाठविले.

महायानाने येथे एक पाऊल पुढे टाकले. जो मार्ग एकाचा होता, तो त्याने सर्वांना खुला केला. गृहस्थ असो वा भिक्षुणी, ज्याच्या मनात बोधिचित्त उपजले तो बोधिसत्त्व. तो सहा पारमितांचा अभ्यास करतो आणि त्याचे लक्ष्य अर्हत्पद नव्हे, बुद्धत्व असते. मग अर्हताचे काय? सद्धर्मपुण्डरीक सूत्र त्याला धिक्कारून थांबत नाही. थकलेल्या वाटसरूंसाठी वाटाड्याने मायेने उभे केलेले नगर, अशी त्याच्या निर्वाणाची उपमा तेथे येते. विसावा खरा, मुक्काम नव्हे. त्याच सूत्रात श्रेष्ठ अर्हत् शारिपुत्रालाही तो पुढे बुद्ध होईल असे सांगितले जाते.

तेव्हा वाद स्वार्थ विरुद्ध परार्थ असा नाही. क्लेशांचा पूर्ण क्षय झाला, की साधकाचे कर्तव्य संपते की नाही, हा तो वाद आहे. थेरवादाच्या लेखी करावयाचे ते करून झालेले असते. महायानाच्या लेखी सर्वज्ञता आणि प्रत्येक जीवाचा उद्धार शिल्लक असतो. पहिल्या आदर्शात दुःखमुक्ती माणसाच्या आटोक्यात राहते. दुसऱ्यात ध्येयाला अंत नसतो, आणि म्हणूनच ते दुरावण्याचा धोकाही असतो.

विद्यार्थ्याने निबंधात हे दोन हिशेब शेजारी मांडावेत. हीन आणि महान ही विशेषणे एका पक्षाने दिलेली आहेत. तुलनेचा निष्कर्ष म्हणून ती वापरू नयेत. त्रिपिटक जाणणाऱ्या मावशीचे नाव अभिमानाने कोरून बोधिसत्त्वाची मूर्ती उभारणाऱ्या धनवतीला या दोहोंत विसंगती वाटली असावी, असे तिच्या लेखात काहीही दिसत नाही.