काफ्का आणि साधी संदेशरांग : ऑर्डर-प्रक्रियेतील निवड

ऑर्डर नोंदवणारी सेवा आणि पैसे, साठा, पाठवणी ही पुढची कामे करणाऱ्या सेवा यांच्यामध्ये संदेश सांभाळणारी काफ्का आणि साधी संदेशरांग ही दोन वेगळ्या घडणीची साधने आहेत. रॅबिटएमक्यूसारख्या साध्या रांगेतून एखादी प्रक्रिया संदेश उचलते, काम झाल्यावर पोच देते आणि संदेश पुसला जातो. काफ्कात संदेश वाचल्यावरही जागेवरच राहतो. आपण कुठवर वाचले तो क्रमांक, म्हणजे ऑफसेट, प्रत्येक वाचक-गटासाठी वेगळा ठेवला जातो. पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासह लिंक्डइनमध्ये काफ्का घडवले. २०११ मध्ये ते मुक्तस्रोत झाले.

निवड सहसा वेगावर केली जाते, पण मध्यम व्यवसायात वेगाचा प्रश्न क्वचितच येतो. दिवसाला २०,००० ऑर्डरी आणि प्रत्येकीमागे ५ संदेश धरले, तर सरासरी सेकंदाला १.२ संदेश पडतात. दिवाळीत हा आकडा वीसपट झाला तरी तो २५च्या आतच राहतो आणि साधी रांग तो सहज पेलते.

खरा फरक एखादी ऑर्डर अडली की दिसतो. काफ्कात विषयाचे विभाग, म्हणजे पार्टिशन, पाडलेले असतात आणि नेहमीच्या वाचक-गटात एक विभाग एका वेळी एकच वाचक वाचतो. ऑर्डर क्रमांक ही किल्ली ठेवली की त्या ऑर्डरीचे ‘नोंद’ आणि ‘रद्द’ हे संदेश क्रमाने पोहोचतात. मात्र बँकेकडून उत्तर येत नाही म्हणून वाचक एका संदेशावर थांबला, तर त्याच विभागातल्या मागच्या सगळ्या ऑर्डरी खोळंबतात. एकाच विभागाचा अनुशेष वाढतो आहे आणि बाकीचे शून्यावर आहेत, ही त्याची खूण. साध्या रांगेत अडलेला संदेश एकाच प्रक्रियेला गुंतवतो, बाकीच्या प्रक्रिया पुढचे संदेश घेत राहतात. काही प्रयत्नांनंतर तो मृत-संदेश रांगेत टाकण्याची सोयही तयार मिळते. काफ्कात ती बहुधा स्वतः बांधावी लागते. उलट, अनेक प्रक्रिया एकाच रांगेतून उचलत असल्या की ‘रद्द’ आधी आणि ‘नोंद’ नंतर हाताळली जाऊ शकते, म्हणून ऑर्डरीची सद्यस्थिती डेटाबेसमध्ये तपासावीच लागते.

दोन्हीकडे एकच संदेश दुसऱ्यांदाही येऊ शकतो. काम झाले पण पोच देण्याआधी प्रक्रिया कोसळली, तर संदेश परत हाती पडतो. त्यामुळे पैसे वळते करण्याच्या नोंदीत ऑर्डर क्रमांकावर अनन्यतेचे बंधन हवेच. काफ्का घेतल्याने ते टळत नाही.

काफ्काची किंमत वसूल होते ती मागे जाऊन वाचताना. करमोजणीतली चूक तिसऱ्या दिवशी सापडली, तर ऑफसेट मागे नेऊन त्या ऑर्डरी पुन्हा मोजता येतात, कारण संदेश मुळात सात दिवस राखले जातात:

```
log.retention.hours=168
```

अशा फेरवाचनात ग्राहकाला पत्र पाठवणारा गट मागे नेऊ नये, नाहीतर पत्रे दुसऱ्यांदा जातात. साध्या रांगेत हेच काम डेटाबेसमधल्या ऑर्डरींवरून संदेश नव्याने तयार करून होते, आणि ऑर्डरी तिथे नीट नोंदलेल्या असतील तर तेवढे पुरते. म्हणून दोनतीन सेवा आणि लहान चमू असेल तर साधी रांगच घ्यावी. हिशेब, अहवाल, फसवणूक-तपास असे अनेक स्वतंत्र वाचक तोच प्रवाह मागू लागले आणि नव्या वाचकाला जुने संदेशही हवे असले, की काफ्काचे ब्रोकर, प्रती आणि विभागसंख्या सांभाळण्याचा खर्च रास्त ठरतो.