एआय व्हिडिओमध्ये प्रत्येक शॉटला खोली का बदलते? ठिकाण सारखं ठेवायचं कसं?

आजी स्वयंपाकघरात चहा करते आहे, नात दारातून आत येते. एआयने बनवलेल्या अशा रीलमध्ये अनेकदा एक गडबड दिसते. पहिल्या शॉटमध्ये खिडकी उजवीकडे असते, दुसऱ्यात ती गायब होते आणि तिसऱ्यात भिंतीचा रंगच बदललेला असतो. चेहरे जुळले तरी घर जुळत नाही, आणि नात भलत्याच घरात शिरल्यासारखी वाटते.

असं का होतं?

बहुतेक टूल्समध्ये प्रत्येक शॉट नव्याने तयार होतो. आधीच्या शॉटमधली खोली कशी होती, हे मॉडेलला आपोआप आठवत नाही. प्रॉम्प्टमध्ये जे लिहिलेलं नाही, ते मॉडेल स्वतःच्या अंदाजाने भरतं. 'जुन्या घरातलं स्वयंपाकघर' एवढंच लिहिलं, तर खिडकी किती, कुठे, फरशी कसली, हे सगळं दरवेळी वेगळं येऊ शकतं.

यावर साधा उपाय म्हणजे ठिकाणाचं वर्णन एकदाच ठरवायचं आणि प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये तेच शब्द वापरायचे. एकदा 'फिकट निळी भिंत' आणि पुढच्या वेळी 'आकाशी भिंत' लिहिलं, तर रंगाची छटा बदलू शकते. प्रॉम्प्ट इंग्रजीत द्यायचा असेल, तर भाषांतरही एकदाच करून जपून ठेवावं. दरवेळी नव्याने भाषांतर केलं की शब्द बदलतात.

आधी कागदावर खोली काढा

प्रॉम्प्ट लिहिण्यापूर्वी खोलीचा वरून दिसणारा साधा नकाशा काढावा आणि त्यात दिशा लिहाव्यात. आजीच्या स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊ. दक्षिणेला दार. उत्तरेच्या भिंतीला काळा ओटा आणि त्यावर शेगडी. पूर्वेला लाकडी गजांची एकच खिडकी. पश्चिमेला फळी आणि तिच्यावर पाच पितळी डबे. वायव्येच्या कोपऱ्यात तांब्याचा हंडा. वेळ सकाळी सातची, म्हणजे ऊन पूर्वेच्या खिडकीतून येणार आणि सावल्या पश्चिमेकडे पडणार.

वस्तू मोजक्याच निवडाव्यात. खोली ओळखू येईल अशा तीन-चार वस्तू पुरतात, पण प्रत्येकीचा रंग, धातू किंवा लाकूड आणि जागा स्पष्ट हवी. वीस वस्तूंची यादी दिली, तर काही गळतात आणि काही एकमेकींत मिसळतात.

आता सगळ्या शॉट्ससाठी एक कायमचा मजकूर तयार होतो:

```
जुन्या घरातलं छोटं स्वयंपाकघर, फिकट निळ्या
चुन्याच्या भिंती, लाल कोब्याची जमीन.
सकाळी सात, खिडकीतून येणारं कोवळं ऊन,
लांब सावल्या.
```

यात एकही डावं-उजवं नाही, आणि ते मुद्दामच टाळलं आहे.

डावं-उजवं कॅमेऱ्याप्रमाणे बदलतं

इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. 'उजवीकडून ऊन' ही ओळ सगळ्या प्रॉम्प्टमध्ये जशीच्या तशी चिकटवली जाते. पण कॅमेरा उलट्या दिशेला वळला की खोलीतली तीच खिडकी पडद्यावर डावीकडे यायला हवी. शब्द तेच ठेवले, तर सूर्य खोलीच्या दुसऱ्या बाजूला गेल्यासारखा दिसतो. म्हणून दिशा नकाशावर कायम ठेवायच्या आणि प्रत्येक शॉटसाठी त्यांचं डावं-उजवं काढायचं.

पहिला शॉट दारातून, कॅमेरा उत्तरेकडे:

```
समोर काळा ओटा, उजव्या भिंतीला लाकडी
गजांची एक खिडकी, डाव्या भिंतीला फळीवर
पाच पितळी डबे, मागे डाव्या कोपऱ्यात
तांब्याचा हंडा. ऊन उजवीकडून, सावल्या
डावीकडे.
```

दुसरा शॉट ओट्याजवळून, कॅमेरा दक्षिणेकडे. नात दारात उभी आहे:

```
समोर लाकडी दार, डाव्या भिंतीला लाकडी
गजांची एक खिडकी, उजव्या भिंतीला फळीवर
पाच पितळी डबे. ऊन डावीकडून, सावल्या
उजवीकडे.
```

दुसऱ्या प्रॉम्प्टमध्ये ओटा आणि हंडा नाहीत, कारण ते कॅमेऱ्याच्या मागे आहेत. ज्या वस्तूचं नाव घेतलं, ती मॉडेल चौकटीत आणण्याचा प्रयत्न करतं. हंडा लिहिला तर तो दाराशेजारी प्रकट होईल. 'हंडा नको' लिहूनही तो कधीकधी येतोच. नको त्या गोष्टींसाठी टूलमध्ये वेगळा रकाना असेल तर तिथे लिहावं, नाहीतर नावच घेऊ नये.

तिसरा शॉट फळीजवळून, कॅमेरा पूर्वेकडे. आता खिडकी आजीच्या मागे आहे, ओटा डावीकडे आणि दार उजवीकडे. ऊन पाठीमागून येत असल्याने आजीच्या केसांच्या कडा उजळतील आणि चेहरा थोडा सावलीत राहील. 'चेहऱ्यावर लख्ख ऊन' असं लिहिलं, तर मॉडेल दुसरीकडे कुठेतरी नवी खिडकी काढून मोकळं होईल.

जुळलं की नाही, कसं ओळखायचं?

सगळ्या शॉट्सचा एकेक स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी ठेवावा. आधी सावल्या पाहाव्यात. ओट्यावरच्या भांड्याची, नाकाची, दाराच्या चौकटीची सावली नकाशावरच्या पश्चिमेकडेच पडते का? मग डबे मोजावेत आणि खिडक्या मोजाव्यात. शेवटी भिंतीचा रंग जुळतो का ते पाहावं.

एखाद्या शॉटमध्ये ऊन चुकीच्या बाजूने आलं, तर तो एडिटिंगमध्ये आडवा उलटवण्याचा मोह होतो. पण त्यात सगळंच उलटतं. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर जातो आणि कॅलेंडरवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. माणूस किंवा अक्षरं नसलेल्या क्लोजअपमध्येच हे खपून जातं.

शब्दांनी सगळं साधत नाही

वर्णन कितीही नेमकं असलं, तरी गजांमधलं अंतर किंवा डब्यांचा आकार थोडाफार बदलतोच. काही टूल्समध्ये 'सीड' नावाचा आकडा कायम ठेवता येतो. पण प्रॉम्प्ट बदलला की तोच सीड देऊनही तीच खोली येईल याची खात्री नसते.

जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे आधी खोलीचं एक स्थिरचित्र पक्कं करून ते संदर्भ म्हणून प्रत्येक शॉटला जोडणं. मात्र दारातून काढलेल्या चित्रात दाराची भिंत दिसत नाही, त्यामुळे उलट्या शॉटमध्ये मॉडेल ती पुन्हा मनानेच रचतं. म्हणून कॅमेरा ज्या दिशांना वळणार आहे, त्या प्रत्येक दिशेचं एकेक रिकामं चित्र आधी बनवावं. माणसं त्यानंतर आणावीत. संदर्भचित्र जोडलं तरी ठरलेला मजकूर आणि उन्हाची दिशा प्रॉम्प्टमधून काढू नये. चित्र खोलीचा चेहरामोहरा देतं, पण कॅमेरा वळल्यावर ऊन कुठल्या बाजूने यायला हवं, हे शब्दांतच सांगावं लागतं.